मधल्या रेषेवरची राणी

आमचे भावजी पावाचे चार तुकडे करून खायचे. एक काप उभा, एक आडवा. तुकडे सारखे पडले नाहीत तर तोंड असं व्हायचं, जणू पावाने त्यांचा अपमान केलाय. मग एक तुकडा उचलायचा आणि तो संपेपर्यंत बाकीच्या तिघांकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी त्यांच्यासमोर बसून कित्येक वर्षं जेवले, आणि दर वेळी तो पाव हिसकावून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा असं मला वाटलं.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी त्यांना अहो-जाहो करायचे ते निव्वळ ताईच्या मानापायी. माणूस वाईट होता असं नाही. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही, कुणाला शाबासकी द्यायचा नाही, आणि कुणी चांगलं काम केलं की त्यातलं 'फुकटचं' किती ते आधी शोधायचा. फुकटचं काम ही त्यांची शिवी होती. यंत्राने एक बेरीज जास्त केली तरी यांच्या पोटात दुखायचं. आधी ते गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहायचे, कुठला माल कुठल्या फळीवर, ते शोधणारे. तिथे साहेबाशी भांडले आणि नोकरी सोडून घरी आले. ताई म्हणाली, मग आपण आपलंच काहीतरी करू. अशी आमची तिघांची कंपनी निघाली. भावजी कोड लिहिणार, ताई बाहेरचा व्यवहार बघणार, आणि मी गोळ्या काढणार.

गोळ्या काढणार म्हणजे काय, ते सांगते. हसू नका, हा धंदा आहे. काही खेळ असे असतात की पडदाभर गोळ्यांचा मारा चालू असतो आणि एक टिचभर विमान त्यातून वाट काढत असतं. त्या गोळ्या अशाच येत नाहीत. त्यांची फुलं असतात, चक्रं असतात, भिंती असतात. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता मेलो, आणि तरी एक फट दिसली पाहिजे. ती फट ठेवणं माझं काम. त्यात मी कुणाचं ऐकत नाही, हेही सांगून ठेवते.

आमची खोली म्हणजे छपाईच्या दुकानावरचा एक मजला. खालून यंत्राची धडधड यायची, शाईचा वास यायचा. दोन टेबलं, एक पंखा, एक खिडकी. ती खिडकी भावजींच्या बाजूला, त्यामुळे उघडायची की नाही ते भावजी ठरवायचे. आणि शेवटचं वर्ष तर विचारूच नका. ताई त्यांना सोडून माझ्याकडे राहायला आली होती. कागदपत्रं वकिलाकडे गेली होती. पण खेळ अर्धवट होता, त्यात तिघांचं सगळं अडकलेलं, म्हणून रोज सकाळी तिघं त्याच खोलीत तोंडं फुगवून बसायचो. दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. ताई म्हणायची, "त्याला विचार, आजचं झालं का." भावजी म्हणायचे, "तिला सांग, झालं की कळेल." तीन हातांवर बसलेली माणसं! मधे मी. दोघांचा राग माझ्या अंगावरून ये-जा करायचा.

ताई घर सोडून का आली ते मला ठाऊक आहे, पण सगळं इथे सांगण्यासारखं नाही. एकच सांगते, पुढे कामाला येईल. भावजींनी घरात शिस्त लावली होती. स्वयंपाकघरातली वस्तू स्वयंपाकघराच्या कप्प्यात, झोपायच्या खोलीतली तिथल्या कप्प्यात. म्हणजे काही हवं असलं की एकाच खोलीत बघायचं, घरभर हिंडायचं नाही. ऐकायला छान. पण कात्रीचं काय? कात्री दोन्हीकडे लागते. मग अशा दोन घरच्या वस्तूंसाठी त्यांनी बोळात एक मोठं खोकं ठेवलं. कात्री तिथे, टॉर्च तिथे, चिकटपट्टी तिथे, सुईदोरा तिथे. वर्षभरात अर्धं घर त्या खोक्यात गेलं. काहीही शोधायचं तर आधी आपला कप्पा बघा आणि मग ते खोकं उपसा. ताई कोपरापर्यंत हात घालून उभी राहायची आणि ओरडायची, "अहो, ही कसली शिस्त!" भावजी म्हणायचे, "वस्तू सापडते ना? हरवत तर नाही?" खरंच हरवायची नाही. तेच तर डोक्यात जायचं.

आता खेळाकडे येते. आमच्या खेळाची गंमत अशी होती की आपल्या गोळीने शत्रूची गोळी फुटायची. नुसतं विमान आणि गोळ्या असत्या तर काही प्रश्न नव्हता. एक विमान आणि दोन-तीन हजार गोळ्या एवढी तुलना कुठलंही यंत्र हसत करतं. पण इथे आपल्या सुटलेल्या काहीशे गोळ्या आणि समोरच्या दोन हजार. प्रत्येकीने प्रत्येकीला 'तू मला लागलीस का' असं विचारायचं म्हटलं तर एका चित्रात लाखांनी प्रश्न होतात, आणि सेकंदाला अशी साठ चित्रं. त्यात आम्हाला तो खेळ स्वस्तातल्या, हातात धरायच्या यंत्रावर चालवायचा होता.

त्यावर भावजींनी जे केलं ते चांगलं होतं, हे मी दात ओठ खाऊन का होईना, कबूल करते. त्यांनी क्वाडट्री लिहिली. आम्ही तिला झाड म्हणायचो. अख्खा पडदा म्हणजे एक मोठा चौकोन. त्यात गोळ्या फार झाल्या की त्याचे चार चौकोन करायचे. त्यातल्या एखाद्यात दाटी झाली की त्याचे पुन्हा चार. जिथे गर्दी तिथे बारीक चौकोन, जिथे मोकळं तिथे मोठे. आपल्या गोळीने मग फक्त आपल्या चौकोनातल्यांना विचारायचं, पार पलीकडच्या कोपऱ्यातल्यांशी तिला काय देणंघेणं? गोळ्या सरकतात, म्हणून दर चित्राला जुनं झाड पाडायचं आणि नवं उभं करायचं. पावाचे चार तुकडे करणारा माणूस दुसरं काय लिहिणार म्हणा. पण लाखांचे प्रश्न हजारांवर आले. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या, तर म्हणाले, "आवाज करू नकोस."

खेळात शेवटी राणी यायची. राणी माझी. दुसऱ्या कुणाचंही बोट तिला लागलं नव्हतं. ती बरोबर पडद्याच्या मधोमध बसायची आणि चार दिशांना, वर-खाली, डावी-उजवीकडे, गोळ्यांचे चार जाड हात सोडायची. फुलीसारखे. पडद्याचे चार भाग व्हायचे आणि आपलं विमान एका भागात कोंडलं जायचं. मग त्या हातांना काटे फुटायचे आणि तो भाग भरत यायचा. भरायच्या आत आपल्या गोळ्यांनी हात फोडायचा, शेजारच्या भागात घुसायचं, तिथे पुन्हा तेच. मी ती शेकडो वेळा बदलली असेल. ती जमली तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचले होते. एवढी वर्षं गोळ्या काढल्या, पण ही माझी आहे असं छातीवर हात ठेवून म्हणावं अशी ती एकच.

आणि तिच्यावरच संक्रांत आली. म्हणजे गदा आली. प्रकाशक कंपनीची परीक्षक बाई आमचा खेळ त्या स्वस्त यंत्रावर खेळून गेली आणि तिने तोंडावर सांगितलं, "बाकी सगळं सेकंदाला साठ चित्रांवर चालतं. राणी आली की पस्तिसावर येतं. आमचा नियम आहे, साठाच्या खाली घसरलेलं आम्ही घेत नाही. आठवड्याने मी पुन्हा येते. तेव्हा राणी साठावर असेल तर ठेवू, नाहीतर ती काढून खेळ पाचव्या टप्प्यावर संपवा. तसाही चांगलाच आहे."

तसाही चांगलाच आहे! मला वाटलं, हिचं डोकं दाराच्या फटीत घालावं.

ती गेल्यावर भावजींनी माझ्याकडे न बघता निकाल दिला. "गोळ्या कमी कर. निम्म्या."

"निम्म्या केल्या तर फुली उरेल का? मधून विमान सरळ निघून जाईल."

"मग काढून टाक. फुकटच्या गोळ्या आहेत."

"तुमचं झाड तपासा आधी."

"झाड बरोबर आहे. मी ते तपासलंय. एकही टक्कर त्यातून सुटत नाही. तुझी हाव जास्त झालीय, झाडाला नावं ठेवू नकोस."

"तिसऱ्या टप्प्यात माझाच पाऊस आहे, त्यात राणीपेक्षा जास्त गोळ्या आहेत. तो कसा चालतो हो साठावर?"

उत्तर नसलं की हा माणूस चष्मा पुसायचा. चष्मा पुसला आणि हेडफोन कानाला लावले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईकडे बघितलं तर ती म्हणाली, "त्याला सांग, आठवड्यात नाही झालं तर राणी काढू. आपल्याला खेळ विकायचाय, तुमचं भांडण नाही." म्हणजे सख्ख्या बहिणीनेसुद्धा हात वर केले. त्या आठवड्यात मी दोघांशीही बोलले नाही. पंख्याशी बोलले असते, पण तोही त्यांच्याच बाजूला वळायचा.

आठवडा संपत आला. भावजी दुपारचे पाय मोकळे करायला गेले होते, ताई बँकेत. मी एकटीच राणीसमोर बसले होते, तिला अखेरचं डोळे भरून बघावं म्हणून. भावजींनी स्वतःच्या तपासणीसाठी एक बटण ठेवलं होतं. ते दाबलं की झाडाचे चौकोन पडद्यावर दिसायचे आणि प्रत्येक गोळीला रंग यायचा. जी गोळी बारीक चौकोनात ती निळी, त्याहून मोठ्या चौकोनात हिरवी, आणि जी सगळ्यात वरच्या, अख्ख्या पडद्याच्या चौकोनातच राहिली ती लाल. मी त्या बटणाला कधी हात लावला नव्हता. त्यांची वस्तू, आपण कशाला हात लावायचा. त्या दिवशी रागाच्या भरात दाबलं.

पावसाचा टप्पा लावला. सगळीकडे निळं-हिरवं, मधल्या रेषा ओलांडताना एखादी गोळी घटकाभर लाल व्हायची आणि पुन्हा निळी. मग राणी लावली. राणीचे चारही हात लालभडक! टोकापासून टोकापर्यंत! काटे तेवढे निळे.

मी बघतच राहिले. मग लक्षात आलं. पडद्याचे पहिले चार भाग जिथे होतात, त्या मधल्या दोन रेषा. राणी बरोबर त्या दोन रेषांच्या छेदावर बसलेली, आणि तिचे हात बरोबर त्या रेषांवरून धावणारे. रेषेवरची गोळी ना या भागातली ना त्या भागातली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. अशा गोळीला भावजींचं झाड खाली पाठवतच नव्हतं, वरच्याच चौकोनात ठेवून देत होतं. आणि वरच्या चौकोनातल्यांना सगळ्यांनीच विचारायचं, कारण त्या कुणालाही लागू शकतात. पावसातली गोळी रेषा ओलांडून जाते, राणीची गोळी जन्मभर रेषेवरच. म्हणजे आपली प्रत्येक गोळी आधी आपला चौकोन बघत होती आणि मग लाल गोळ्यांचा अख्खा ढीग उपसत होती.

"खोकं!" मी एकटीच ओरडले. "अरे देवा, बोळातलं खोकं!"

मी राणीला तीस ठिपके डावीकडे आणि तीस ठिपके खाली सरकवलं, बाकी काही केलं नाही. एक गोळी कमी नाही की जास्त नाही. लाल रंग गेला, सगळं हिरवं-निळं झालं. यंत्राच्या कोपऱ्यातला आकडा पस्तिसावरून चढत चढत साठावर जाऊन बसला. मी टेबलावर अशी थाप मारली की खालचा छपाईवाला वर येऊन बघून गेला.

भावजी आले तेव्हा ताईही आली होती. मी त्यांना बसूही दिलं नाही. दोघांसमोर राणी मधे ठेवली, लाल. सरकवली, साठ. मधे ठेवली, पस्तीस. सरकवली, साठ. "बघा," म्हटलं, "फुकटच्या गोळ्या! घरातही तेच केलंत, इथेही तेच. जे दोन्हीकडचं, ते टाकलं खोक्यात, आणि मग सगळ्यांनी उपसत बसा!"

ताईला हसू फुटलं. चांगलं हसू नव्हतं ते. भावजींचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरला. मला वाटलं आता ओरडतील. तर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "राणी मधेच राहील. बाजूला बसलेली वाईट दिसते. मी झाड सरकवतो."

आणि त्यांनी तेच केलं. झाडाचा बाहेरचा चौकोन पडद्यापेक्षा मोठा केला आणि तिरका सरकवला, म्हणजे झाडाची मधली रेषा पडद्याच्या मधून जाईना. राणीचे हात आता बऱ्याच खालच्या, लहान चौकोनांत जाऊन पडले. राणी जिथल्या तिथे, मधोमध, आणि आकडा साठावर. त्यांनी चूक मान्य केली नाही, माफी मागितली नाही. मला त्याचीही गरज नव्हती. मी जिंकले होते.

"खेळून बघ," ते म्हणाले.

मी यंत्र हातात घेतलं. राणी आली. हात सुटले. काटे फुटले. मी मेले.

पुन्हा. मी डावीकडचा हात फोडायला वळायच्या आत भाग भरला. मेले. पुन्हा. पुन्हा. जिला मी झोपेत हरवलं असतं ती माझी राणी मला उभं राहू देईना. फट होती, मीच ठेवलेली, ती दिसतही होती, पण तिथे पोचायच्या आत ती मिटत होती.

"काय केलंत तुम्ही?" मी किंचाळले.

"साठ केलं," भावजी म्हणाले. "तुला हवं होतं ते."

त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणाने मला जास्त लागलं. आमच्या खेळात प्रत्येक चित्राला गोळी ठरावीक ठिपके पुढे जाते. चित्रं कमी पडली की गोळ्या, विमान, सगळंच संथ होतं, काळच जड होतो. मी राणी घडवली ती याच स्वस्त यंत्रावर, झाड अडखळत असताना. पडद्यावर ती मला मंद वाटली, म्हणून मी गोळ्यांचा वेग वाढवत गेले, वाढवत गेले, डोळ्यांना बरोबर वाटेपर्यंत. आता अडखळणं गेलं आणि वेग तेवढाच राहिला.

"तुझी राणी माझ्या चुकीवर उभी होती," ते म्हणाले. "आणि माझी चूक तुझ्या चुकीने झाकली होती. वेग कमी कर, झालं."

एवढं बोलून ते पाणी प्यायला गेले. मी वेग कमी केला. खूप प्रयत्न केले. पण ते तसं नव्हतं हो. आधी गोळ्यांबरोबर आपलं विमानही जड व्हायचं. पाण्यात चालल्यासारखं वाटायचं, आणि जीव मुठीत धरून इंच इंच सरकायचं. राणीचा सगळा दरारा त्या जडपणात होता. आता गोळ्या मंद आणि विमान आपलं भिरभिरतंय. कुणीही येऊन तिला टपली मारून जाईल. आम्ही दोघांनी मिळून केलेल्या दोन चुका एकमेकींवर बरोबर बसल्या होत्या आणि त्यातून ती झाली होती, हे माझ्या ध्यानात आलं आणि मला रडू आलं. रागाचं. या माणसाबरोबर मिळून मी काही केलं असेल, हेच मला नको होतं.

परीक्षक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी भावजींच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"भावजी, ती आधीसारखी जड करता येईल?"

"चित्रं पाडून? ती बाई घेणार नाही."

"चित्रं साठच राहू देत. पण राणीची फुली चालू असेपर्यंत सगळ्यांनीच पाऊल लहान टाकायचं. गोळ्यांनी, विमानाने, सगळ्यांनी. असं लिहिता येईल की नाही?"

"येईल."

"मग लिहा ना."

"नाही लिहिणार." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आयुष्यभर मी गोष्टी वेगाने व्हाव्यात म्हणून झिजलो. माझ्या हाताने मुद्दाम जड करू? माझी चूक खरी म्हणून कोरून ठेवू? लोक हसतील. आधी तू हसलीस, मग तुझी ताई हसली, आता सगळ्यांना हसू दे, असंच ना?"

"आणि माझी राणी?"

"तुझी राणी, तुझी राणी! सहा महिने तू माझ्याशी एक धड शब्द बोललेली नाहीस. आज गरज पडली तर भावजी!"

"तुम्ही बोललात का हो? 'गोळ्या कमी कर' यापलीकडे? मी टाळ्या वाजवल्या तर आवाज करू नकोस म्हणालात!"

त्यावर ताई उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याशी बोलली. "अहो," ती म्हणाली. जुन्या सवयीने अहो निघून गेलं असावं, कारण तिने लगेच ओठ आवळले. "हिच्यावर राग काढू नका. माझ्यावरचा राग हिच्यावर काढू नका. मीही तेच करत आलेय. ही बिचारी दोघांच्या मधे उभी आहे, येता-जाता आपण हिलाच धडकतो."

खालची यंत्रं तेवढी धडधडत होती. भावजींनी पाकीट उचलून खिशात घातलं आणि निघून गेले. मी राणीची फाइल बंद केली. आता संपलं, असं मला वाटलं. ताईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तो मी झटकला.

सकाळी परीक्षक बाई आली. भावजी आधीच येऊन बसले होते, तोंड नेहमीसारखंच, कुणाला नमस्कार नाही की चमत्कार नाही. "राणी काढली का?" बाईने विचारलं. मी हो म्हणणार तेवढ्यात भावजींनी यंत्र तिच्या हातात दिलं. "खेळा."

राणी आली. हात सुटले. काटे फुटले. आणि पडदा जड झाला. तोच जडपणा! गोळ्या, विमान, सगळं पाण्यात गेल्यासारखं. पण चित्र कुठे तुटत नव्हतं, कोपऱ्यातला आकडा साठावरून हलत नव्हता. बाई पुढे वाकली. तिने श्वास रोखलेला मला दिसला. एकदा मेली, दुसऱ्यांदा मेली, तिसऱ्यांदा हात फोडून पलीकडच्या भागात घुसली आणि "अगं बाई!" असं तिच्या तोंडून निघालं.

"हिला काढायचं नाही," ती म्हणाली. "हा संथपणा कुणाची कल्पना?"

मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. "हिची," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता खिडकी उघडायला गेले.

एवढंच. कुणी कुणाला मिठी मारली नाही. त्यानंतरही ते पावाचे चार तुकडे करून खात राहिले आणि मला त्यांचा तसाच संताप येत राहिला. एकदा विचारलं, रात्रीत विचार कसा बदलला, तर म्हणाले, "फुकटचे प्रश्न विचारू नकोस." खेळ बाहेर पडला. ठीक चालला. लोक राणीबद्दल लिहितात, तिला शिव्या देतात, पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतात.

पुढे वकिलाकडची कागदपत्रंही झाली. ताई आणि ते रीतसर वेगळे झाले. त्यांनी आपला हिस्सा घेतला, टेबल रिकामं केलं आणि दुसऱ्या गावी पुन्हा गोदामांच्या कामावर रुजू झाले. जाताना ताईला म्हणाले, "येतो." मला काहीच म्हणाले नाहीत. मलाही कळेना, आता यांना काय म्हणायचं. भावजी तर राहिले नाहीत. नाव घेऊन हाक मारायची सवय नाही. मी नुसतं दार धरून उभी राहिले आणि ते जिना उतरून गेले.

परवा नव्या यंत्रासाठी खेळ बदलून हवा होता म्हणून मी त्यांचं कोड पहिल्यांदाच उघडलं. राणीचा भाग शोधला. फुली चालू झाली की सगळ्यांचं पाऊल ज्या आकड्याने लहान होतं, तो आकडा तिथे होता, थोडा अर्ध्याहून मोठा. भावजी आकड्यांना नावं द्यायचे ती नेहमी रुक्ष, कामापुरती. वेग, रुंदी, मर्यादा. या आकड्याचं नाव होतं 'मेहुणी'.

शेजारी त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'कुणीही बदलू नये.'

मी बदललं नाही. खिडकी उघडी होती, ती बंद करून घेतली आणि ताईला हाक मारली.